शून्याची सरशी

१९७८ साली मर्सिडीजच्या एस-क्लास गाडीत बॉशची एबीएस यंत्रणा आली आणि ब्रेकला स्वतःची अक्कल फुटली. पाठोपाठ इंजिनाला, गिअरबॉक्सला, वातानुकूलनाला एकेक इलेक्ट्रॉनिक डबा मिळत गेला. प्रत्येक डबा आपापल्या जागी हुशार होता, पण शेजारच्याशी त्याचं बोलणं नव्हतं. बर्फावर चाक जागच्या जागी गरगर फिरायला लागलं की ते सर्वांत आधी ब्रेकच्या डब्याला कळतं. इलाज मात्र इंजिनाच्या हातात असतो: जोर कमी करणं. म्हणजे एकाने दुसऱ्याला सांगायला हवं, तेही चाक फिरत असतानाच.

जर्मनीत बॉशचे इंजिनिअर ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला याच कामासाठी तेव्हा उपलब्ध असलेल्या संदेशवहनाच्या पद्धती तपासत होते. एकही पसंतीला उतरली नाही. १९८३ मध्ये उवे किएंके यांनी नवीच पद्धत बांधायला घेतली. तीच पुढे कॅन म्हणून ओळखली गेली. तारांचे जुडगे कमी करण्यासाठी कॅन जन्माला आली असं सरसकट लिहिलं जातं, पण तो नंतरचा फायदा. मूळ हेतू होता तो डब्यांना एकमेकांशी बोलतं करून गाडीला आधी जमत नव्हतं ते जमवण्याचा.

अडचण कुठे होती? सगळे डबे एकाच तारेवर बसवले, तर दोघे एकदम बोलले की काय करायचं? झेरॉक्सच्या पार्क प्रयोगशाळेत रॉबर्ट मेटकाफ आणि डेव्हिड बॉग्ज यांनी सत्तरच्या दशकात इथरनेट बांधलं, तेव्हा त्यांचं उत्तर असं होतं: टक्कर झाली की दोघांनी गप्प व्हायचं, प्रत्येकाने मनाला येईल तितका वेळ थांबायचं आणि पुन्हा प्रयत्न करायचा. दोन्ही संदेश वाया गेले तरी हरकत नाही. कचेरीत कागद अर्ध्या सेकंदाने उशिरा छापला गेला म्हणून कुणाचं बिघडत नाही. गाडीत बिघडतं. शिवाय गर्दी वाढते तशा टकरीही वाढतात, म्हणजे घाई असते नेमकी तेव्हाच ही पद्धत सर्वांत संथ होते.

दुसरा मार्ग होता सगळ्यांवर एक मुकादम नेमण्याचा. तो विचारेल तेव्हाच इतरांनी बोलायचं. पण तो मुकादम बंद पडला की अख्खी गाडी मुकी. तिसरा मार्ग पाळीचा: ज्याची पाळी त्याने बोलायचं. मग ब्रेकला तातडीचं सांगायचं असलं तरी काचेच्या मोटरची पाळी संपेपर्यंत थांबा.

हवं होतं ते असं: मुकादम नको, पाळी नको, टक्कर झाली तर होऊ दे, पण टकरीत काहीही मोडता कामा नये, एक बिटभरही वेळ वाया जाता कामा नये, आणि ज्याचं काम जास्त निकडीचं त्याचाच संदेश पुढे गेला पाहिजे. ऐकायला हा हट्टच वाटतो.

उत्तर तारेच्या स्वभावात होतं. एसटीच्या गाडीत कंडक्टरची घंटीची दोरी छताखालून ड्रायव्हरपर्यंत गेलेली असते. ती कुणीही ओढली की ओढलेलीच. बाकी चाळीस जणांनी हात लावला नाही म्हणून ती सैल होत नाही. सैल राहायची तर सगळ्यांनीच सोडलेली हवी. कॅनची तार, म्हणजे खरं तर तारांची जोडी, अशीच आहे. तिच्यावर दोन अवस्था असतात. कुणीच काही करत नाही तेव्हा दोन्ही तारा साधारण अडीच व्होल्टवर शांत असतात. ही रिसेसिव्ह अवस्था, म्हणजे १. कुणी ओढलं की एक तार साडेतीनकडे चढते, दुसरी दीडकडे उतरते. ही डॉमिनंट अवस्था, म्हणजे ०. एकाने ० पाठवला आणि इतर सगळ्यांनी १ पाठवला, तरी तारेवर ० च दिसतो. त्यात भांडण नाही, शॉर्ट सर्किट नाही. १ पाठवणारा खरं तर काहीच करत नसतो, नुसता सोडून देत असतो.

ही युक्ती बॉशच्या आधीही माहीत होती, आणि हे सांगितल्याने किएंके यांच्या कामाला उणेपणा येत नाही. १९७९ मध्ये मोक आणि वॉर्ड यांनी एक निबंध प्रसिद्ध केला होता. त्यात सगळी यंत्रं आपला क्रमांक एकेक बिट करून एकाच वेळी तारेवर मांडतात आणि मागे पडलेली बाजूला होतात. फक्त तिथे १ हा ० ला दाबतो, म्हणून तिथे सर्वांत मोठा क्रमांक जिंकतो. १९८२ च्या सुमारास फिलिप्सने सर्किटच्या पाटीवरच्या चिप्ससाठी आयस्क्वेअरसी आणली. तिच्यात कॅनसारखाच ० वरचढ असतो, पण क्रमांक असतो तो ज्याच्याशी बोलायचं त्या चिपचा. तिथे लहान क्रमांक जिंकला, तर तो योगायोगाने.

बॉशने या जुन्या युक्तीत नवं काय घातलं, तर क्रमांक कशाला द्यायचा याचा निर्णय. कॅनमध्ये क्रमांक यंत्राला नसतो, संदेशाला असतो. ‘इंजिनाचे फेरे’ हा एक क्रमांक, ‘चाकांचा वेग’ हा दुसरा. पाठवणारा कोण, घेणारा कोण, याचा त्यात पत्ताच नाही. ज्याला ती माहिती हवी त्याने उचलावी. आणि तोच क्रमांक संदेशाची निकडही ठरवतो. गाडी आखणारा माणूस टेबलाशी बसून संदेशांना क्रमांक वाटतो, तेव्हाच रस्त्यावर कोण कुणाच्या पुढे जाणार हे ठरून जातं. धावपळीच्या क्षणी कुणालाही विचार करावा लागत नाही.

आता ही चढाओढ जवळून पाहू. गॅरेजवाला गाडीच्या निदानाच्या सॉकेटला स्कॅनर लावतो. स्कॅनर 0x7DF या क्रमांकाने सगळ्यांना उद्देशून एक प्रश्न पाठवतो. इंजिनाचा डबा 0x7E8 या क्रमांकाने उत्तर देतो, गिअरबॉक्सचा बहुधा 0x7E9 ने. समजा दोघांची उत्तरं तयार झाली त्या वेळी तारेवर तिसराच संदेश चालू होता. दोघेही थांबतात. तो संपला, तीन बिटांची सक्तीची विश्रांती झाली, की दोघेही एकाच क्षणी सुरू होतात. टकरी क्वचित होतात असं समजू नका. थांबलेले सगळे एकाच विरामाची वाट पाहत असल्याने कॅनमध्ये टक्कर हा रोजचाच व्यवहार आहे.

पहिला बिट दोघांचाही ०. ती सुरुवातीची खूण. शांत तार रिसेसिव्ह असते, तेव्हा सुरुवात डॉमिनंटनेच करावी लागते. मग क्रमांकाचे अकरा बिट, सर्वांत वजनदार बिट आधी.

```
            सुरुवात  क्रमांक
0x7E8       0        1 1 1 1 1 (0) 1 0 1 0 0 0
0x7E9       0        1 1 1 1 1 (0) 1 0 1 0 0 1
तारेवर       0        1 1 1 1 1 (0) 1 0 1 0 0 0
```

कंसातला ० क्रमांकाचा नाही. एकसारखे पाच बिट सलग गेले, की पाठवणारा मध्ये एक उलटा बिट घुसवतो आणि घेणारा तो काढून टाकतो. कॅनमध्ये वेगळी घड्याळाची तार नसते. तारेवरच्या चढउतारांवरच सगळ्यांची घड्याळं जुळतात, म्हणून तार फार वेळ एकाच पातळीवर राहू द्यायची नाही.

प्रत्येक डबा बिट पाठवताना तारेवर प्रत्यक्षात काय आहे तेही वाचत असतो. दहा बिटांपर्यंत दोघेही जे पाठवतात तेच वाचतात. आपल्याबरोबर आणखी कुणी बोलतंय याचा दोघांनाही पत्ता नसतो. अकराव्या बिटाला गिअरबॉक्स १ पाठवतो आणि वाचतो ०. बस, त्याला कळतं. तो पाठवणं थांबवतो आणि त्याच क्षणापासून ऐकणारा होतो. इंजिनाला मात्र काहीच कळत नाही. त्याने ० पाठवला, ० वाचला, पुढे निघाला. त्याच्या संदेशाचा एक बिटही बिघडलेला नाही आणि तो एक बिटभरही उशिरा गेलेला नाही. हरलेल्याचे जे बिट गेले, ते जिंकणाऱ्याच्या बिटांशी तंतोतंत जुळणारेच होते, म्हणून वाया काहीच गेलं नाही.

लहान क्रमांकच का जिंकतो, याची दोन कारणं आहेत आणि दोन्ही लागतात. पहिलं, तारेवर ० हा १ ला झाकतो. दुसरं, क्रमांक मोठ्या वजनाच्या बिटापासून पाठवला जातो. दोन संख्या डावीकडून वाचत गेलं आणि पहिल्यांदा जिथे फरक दिसला, तिथे जिच्यात ० ती लहान, पुढे काहीही असो. तार हीच तुलना करत असते, फक्त तिला ती तुलना आहे हे माहीत नसतं. उलट्या टोकापासून पाठवलं असतं, तर शेवटचा बिट आधी आला असता आणि सगळ्या सम क्रमांकांनी सगळ्या विषम क्रमांकांना हरवलं असतं: 0x7E8 ने 0x001 लाही! सरशी शून्याचीच झाली असती, पण लहान क्रमांकाची नाही.

क्रमांकानंतरही चढाओढ एक पाऊल पुढे जाते. पुढचा बिट सांगतो, की ही माहिती आहे की माहितीची मागणी. माहितीला ०, मागणीला १. एखाद्याने इंजिनाचे फेरे मागितले आणि त्याच क्षणी इंजिन ते स्वतःहून सांगू लागलं, तर क्रमांक एकच असल्याने सगळे बिट जुळतात आणि इथे येऊन मागणी हरते. तिला हवं ते तर आलंच! पुढे क्रमांक अकरा बिटी की एकोणतीस बिटी हे सांगणारा बिट, एक राखीव बिट, मग किती बाइट येणार हे सांगणारे चार बिट, मग शून्य ते आठ बाइट माहिती आणि पंधरा बिटांची तपासणीची बेरीज. त्यानंतर एक जागा मला फार आवडते. पाठवणारा तिथे १ सोडतो आणि संदेश नीट पोचलेला प्रत्येक डबा तिथे ० ओढतो. पाठवणाऱ्याला ० दिसला, म्हणजे निदान एकाने तरी ऐकलं. पोच देण्याची ही रीतही त्याच दोरीवर चालते. शेवटी सात रिसेसिव्ह बिट आणि संदेश संपला.

एकाच क्रमांकाचे दोन माहितीचे संदेश दोन वेगळ्या डब्यांनी पाठवले तर? हा आखणीतला दोष, आणि तो दिसतो तो फार चमत्कारिक रीतीने. क्रमांक सारखे, म्हणून चढाओढीत कुणीच हरत नाही. दोघेही आपणच जिंकलो असं समजून माहितीच्या बिटांत शिरतात. तिथे पहिला फरक आला, की १ पाठवणाऱ्याला ० दिसतो. पण आता चढाओढ संपलेली आहे, तेव्हा ही हार नसून चूक ठरते. तो सलग सहा डॉमिनंट बिट ओढून सगळ्यांचा संदेश मुद्दाम मोडतो. मग दोघेही पुन्हा एकाच क्षणी सुरुवात करतात आणि पुन्हा तिथेच आपटतात. दर आपटीला दोघांच्याही चुकांच्या मोजणीत ८ मिळवले जातात. सोळा आपट्यांत मोजणी १२८ ला पोचते. तिथून पुढे डब्याला इतरांचे संदेश मोडण्याचा हक्क राहत नाही, मग ज्याच्या माहितीत आधी ० आला तो एकदाचा निघून जातो. तार तपासणाऱ्याला हे ओळखू येतं: चुकांचा एकदम गठ्ठा, प्रत्येक वेळी त्याच क्रमांकानंतर, मग शांतता. ढिल्या जोडणीच्या चुका अशा ओळीने येत नाहीत. त्या कुठल्याही क्रमांकावर, कुठेही पडतात.

या सगळ्याची किंमत लांबीत मोजावी लागते. चढाओढ खरी व्हायची तर एका टोकाचा ० दुसऱ्या टोकाला पोचून, तिथल्या डब्याचं उत्तर परत येऊन, हे सगळं एका बिटाच्या आत संपलं पाहिजे. नाहीतर दोन टोकांचे डबे एकाच बिटाला दोन वेगळी मूल्यं वाचतील. सेकंदाला दहा लाख बिट, म्हणजे बिट एक मायक्रोसेकंदाचा. तारेतून संकेताला मीटरमागे साधारण पाच नॅनोसेकंद लागतात. चाळीस मीटरला जाऊन येऊन ४०० नॅनोसेकंद तारेतच गेले, उरलेल्यात चिप्सचा उशीर बसवायचा. म्हणून या वेगाला मर्यादा चाळीस मीटरच्या आसपास. चिप्स पुढे कितीही वेगवान झाल्या तरी ही भिंत हलली नाही. २०१२ मध्ये बॉशने कॅन एफडी आणली, तेव्हाही चढाओढीचे बिट जुन्याच संथ वेगाने ठेवावे लागले. निकाल लागून एकटाच बोलणारा उरला, की मग वेग वाढवायचा.

फेब्रुवारी १९८६ मध्ये डेट्रॉइटला ऑटोमोटिव्ह इंजिनिअरांच्या अधिवेशनात किएंके, झिगफ्रीड डाइस आणि मार्टिन लिचेल यांनी ही पद्धत जगासमोर मांडली. १९८७ मध्ये इंटेलची 82526 ही पहिली चिप आली, पाठोपाठ फिलिप्सची. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मर्सिडीजच्या वरच्या श्रेणीतल्या गाड्यांत कॅन बसली आणि १९९३ मध्ये ती आंतरराष्ट्रीय मानक झाली. शोधकथा इथे संपायला हवी होती.

पण एक प्रश्न कुणी नीट सोडवला नव्हता: जिंकणाऱ्याचं ठीक, हरणाऱ्याने जास्तीत जास्त किती थांबायचं? शेवटच्या क्रमांकाचा संदेश वर्षानुवर्षं वेळेत पोचेल आणि एखाद्या दिवशी सगळे एकदम बोलायला उठले म्हणून अडकून राहील. चाचणीत तो दिवस उगवेलच याची खात्री नाही.

इंग्लंडमधल्या यॉर्क विद्यापीठात केन टिंडेल आणि अ‍ॅलन बर्न्स यांनी १९९४ मध्ये याचं गणित मांडलं. सगळे संदेश एकाच क्षणी तयार झाले असं धरा, आधीच तारेवर असलेल्या, कमी निकडीच्या सर्वांत लांब संदेशाचा वेळ त्यात मिळवा, जास्त निकडीचे जेवढ्या वेळा मध्ये घुसू शकतात तेवढ्या वेळा घुसवा. आपल्या संदेशाला जेवढा वेळ लागला तो सर्वांत वाईट वेळ. गणित सुटसुटीत होतं. कारखान्यांनी ते उचललं. व्होल्वोच्या १९९८ च्या एस-८० गाडीचं संदेशवहन याच गणिताच्या आधाराने आखलं गेलं. दहा-बारा वर्षं ते शेकडो निबंधांतून फिरलं.

ते चुकीचं होतं. नेदरलँड्समधल्या आइंडहोव्हेनच्या राइंडर ब्रिल यांच्या ते लक्षात आलं आणि २००७ मध्ये त्यांनी, योहान लुक्किन, यॉर्कचे रॉबर्ट डेव्हिस आणि खुद्द अ‍ॅलन बर्न्स यांच्यासह दुरुस्ती छापली. आपल्याच गणिताच्या खंडनावर बर्न्स यांची सही आहे. अशी सही प्रत्येक क्षेत्रात होत नाही.

चूक बघायला तीन संदेश पुरतात. अ, ब, क. अ चा क्रमांक सर्वांत लहान. प्रत्येकाला तारेवर १ मिलिसेकंद लागतो. अ दर २.५ मिलिसेकंदांनी येतो, ब आणि क दर ३.५ ने. क ने ३.२५ च्या आत पोचलं पाहिजे. शून्य क्षणी तिघेही तयार. अ पहिला मिलिसेकंद घेतो, ब दुसरा, क तिसरा. क ला ३ लागले, मुदतीत बसला. जुनं गणित इथे थांबतं आणि पास म्हणून शिक्का मारतं.

पुढे जाऊ. २.५ ला अ पुन्हा आला होता, पण क तारेवर होता. कॅनमध्ये सुरू झालेला संदेश कुणी तोडत नाही, अगदी लहान क्रमांकही नाही. चढाओढ होते ती फक्त सुरुवातीला. म्हणून अ ३ पर्यंत थांबला आणि ३ ते ४ गेला. ३.५ ला ब आणि क दोघेही पुन्हा आले. ४ ते ५ ब. बरोबर ५ ला अ तिसऱ्यांदा हजर. क शी चढाओढ, आणि अर्थात अ जिंकतो. ५ ते ६ अ. शेवटी ६ ते ७ क. आला ३.५ ला, पोचला ७ ला: लागले ३.५ मिलिसेकंद. मुदत हुकली.

क ने पहिल्या फेरीत अ ला अडवून ठेवलं, आणि त्या अडवणुकीची परतफेड दुसऱ्या फेरीत क लाच करावी लागली. पहिली फेरी सर्वांत वाईट असं गृहीत धरणाऱ्याला हे दिसणारच नव्हतं.

दुरुस्ती सोपी निघाली. आपल्या पुढे निदान आपल्याइतकाच लांब एक जादा संदेश तारेवर आहे असं धरून हिशेब करायचा. यातून आणखी एक गोष्ट निघते. तुमच्या खालच्या क्रमांकांत तुमच्याइतका किंवा तुमच्याहून लांब संदेश असेल, तर तो जादा वेळ जुन्या गणितात आधीच धरलेला असतो आणि उत्तर फसवत नाही. प्रत्यक्ष गाड्यांत पूर्ण आठ बाइटांचे संदेश यादीच्या तळाशी सहसा असतातच, म्हणून रस्त्यावरच्या बहुतेक संदेशांना जुन्या चुकीची झळ लागण्यासारखी नव्हती. धोका उरला तो यादीतल्या अगदी शेवटच्या क्रमांकाला. तिथे बहुधा निदानाची उत्तरं असतात आणि त्यांची वाट पाहणारा गॅरेजवाला मिलिसेकंद मोजत बसत नाही.